कोइमतूरच्या फाउंड्रीला शेवटचं शेड्यूल

भोसरी एमआयडीसीत शेतीपंप बनवणारी एक भागीदारी फर्म डोळ्यांसमोर आणा. पंपाचं बाहेरचं कवच, म्हणजे केसिंग, आणि आत फिरणारा इंपेलर हे दोन्ही बिडाचे भाग गेली 17 वर्षं कोइमतूरच्या एका फाउंड्रीत ओतून येतात. फर्ममध्ये भागीदार दोन, काका आणि पुतण्या. काका शॉप फ्लोअर बघतात. पहिल्यांदा रेल्वेने कोइमतूरला जाऊन सौदा ठरवून आले ते तेच. पुतण्याकडे खरेदी आणि हिशेब. पुतण्याला आता ओतकाम कोल्हापूरला हलवायचंय. कोल्हापूरचा टेम्पो दुसऱ्या दिवशी दारात उभा राहतो आणि दोनशे नगांचा लॉटही मिळतो. कोइमतूर हजार किलोमीटरहून लांब, त्यामुळे अख्खा ट्रक भरल्याशिवाय भाडं परवडत नाही आणि महिनाभराचा माल यार्डात पडून राहतो. उदाहरण मी रचलेलं आहे, पण त्यातले तिढे खरेदी सांभाळणाऱ्या कुणालाही परके वाटणार नाहीत.

फाउंड्रीच्या मालकांना मराठी येत नाही, पुतण्याला तमिळ येत नाही, म्हणून पत्र इंग्रजीत. काकांना कामापुरतं इंग्रजी येतं, पण एवढ्या जुन्या माणसाला निरोप द्यायचा तर त्यांच्याशी मराठीतच बोलायला हवं. म्हणून त्यांच्यासाठी वेगळं टिपण. बहुतेक जण इथे एक घोटाळा करतात. आधी इंग्रजी पत्र लिहितात, मग त्याचाच मराठी तर्जुमा भागीदाराच्या हातात ठेवतात. या दोन कागदांचं काम वेगळं आहे. पत्र पुरवठादाराला सांगतं की आता त्याने काय करायचं. टिपण भागीदाराला विचारतं की आपण काय ठरवायचं. त्यामुळे टिपण आधी, मग फोन, आणि सगळ्यात शेवटी पत्र.

टिपण आधी कशासाठी, याला घरच्या मानापमानापलीकडचं कारण आहे. 1932 च्या भागीदारी कायद्यानुसार रोजच्या व्यवहारातला मतभेद बहुमताने सुटतो, पण निर्णयाआधी प्रत्येक भागीदाराला आपलं मत मांडायचा हक्क असतो. दोघांच्या फर्ममध्ये बहुमत कुठून आणणार? एक एक असे दोन. त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे, ती फारशी कुणाच्या ध्यानात नसते. एका भागीदाराने सही केली की फर्म बांधली जाते हे खरं. पण फर्मचं कुणाकडे असलेलं येणं सोडून देणं किंवा त्यावर तडजोड करणं एकट्या भागीदाराच्या गृहीत अधिकारात बसत नाही, त्या धंद्याची तशी रूढी असेल तर गोष्ट वेगळी. जुना संबंध संपवताना काही ना काही सोडावंच लागतं. पुतण्याने पत्रात सहज ‘फुल अँड फायनल सेटलमेंट’ असे चार शब्द घातले तर काकांच्या अर्ध्या हक्काची रक्कम त्यांना न विचारता गेली असं होऊ शकतं.

लिहायला बसण्याआधी तीन याद्या हव्यात. त्या तयार नसतील तर पत्र कितीही गोड लिहा, ते पोकळच राहतं. फाउंड्रीचा मालक पत्र उघडतो तेव्हा तो आपलं कौतुक शोधत नसतो. अजून किती नग ओतायचे, राहिलेले पैसे कधी मिळणार आणि माझ्याकडच्या पॅटर्नचं काय, एवढंच तो बघतो. याची उत्तरं असलेलं कोरडं पत्रही त्याला सभ्य वाटतं.

पहिली यादी उघड्या ऑर्डरींची. या धंद्यात वर्षभराची एक मोठी ऑर्डर असते आणि तिच्यावर दर महिन्याचं शेड्यूल निघतं. फाउंड्री त्या शेड्यूलच्या भरवशावर पिग आयर्न आणि भंगार उचलते, कोअर बनवते, भट्टीचा वेळ राखून ठेवते. म्हणून पुढच्या तीन महिन्यांचं शेड्यूल दिलेलं असेल तर ते पाळायचं आणि त्यापुढे थांबायचं. लेखी करारात नोटिशीची मुदत असेल तर प्रश्नच नाही. ऑर्डरच्या मागच्या पानावरच्या बारीक अटीही एकदा वाचून घ्याव्यात, तिथेही मुदत लिहिलेली असू शकते. काहीच लिहिलेलं नसेल तर वाजवी मुदत द्यायची. वाजवी म्हणजे किती, हे आपण त्यांच्या धंद्याचा किती वाटा आहोत त्यावर ठरतं. त्यांच्या महिन्याच्या ओतकामातला विसावा भाग आपला असेल तर तीन महिने पुष्कळ झाले. निम्मा भाग आपला असेल तर तीन महिन्यांत नवं गिऱ्हाईक उभं करणं त्यांच्या हातात नाही, तिथे सहा महिने आणि उतरतं शेड्यूल द्यायला हवं.

दुसरी यादी पॅटर्नची, आणि संबंध बिघडतात ते बहुतेक हिच्यामुळेच. पॅटर्न म्हणजे ज्या आकारावर वाळूचा साचा उठवतात तो लाकडी किंवा धातूचा नमुना. बीड गार होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढाच मोठा केलेला असतो. आपल्या फर्मचे पाच संच कोइमतूरला आहेत. चारांचे पैसे बिल घेऊन पुरते दिलेत, ते निर्विवाद आपले. पाचवा, मोठ्या केसिंगचा, 1,80,000 रुपयांचा. तो फाउंड्रीने स्वतःच्या पैशाने केला आणि 15,000 नगांवर दर नगामागे 12 रुपये असं किमतीत मिसळून वसूल करायचं ठरलं. 30 नोव्हेंबरपर्यंतचं शेड्यूल धरून 13,200 नग होतात. उरले 1,800 नग. गुणिले 12, म्हणजे 21,600 रुपये. हे पैसे जीएसटीसह देऊन पॅटर्न घ्यायचा की सोडून द्यायचा, हे पत्राच्या आधी ठरायला हवं. वसुली पूर्ण होईपर्यंत पॅटर्न कुणाचा, हे कुठेच लिहिलेलं नसतं. दोन्ही बाजूंना तो आपलाच वाटतो.

पॅटर्न परत आला म्हणजे लगेच कोल्हापूरला ओतकाम सुरू झालं असंही नसतं. तो कोइमतूरच्या मोल्डिंग मशीनच्या बॉक्सच्या मापाने प्लेटवर बसवलेला असतो. नव्या फाउंड्रीचा बॉक्स वेगळ्या मापाचा असेल तर प्लेट बदलावी लागते, बीड आत शिरण्याच्या वाटा पुन्हा मांडाव्या लागतात, नमुने ओतून, कापून, दाबाखाली तपासून पास करावे लागतात. यात पाच-सहा आठवडे सहज जातात. तेवढ्या काळाचा माल हाताशी असल्याशिवाय पॅटर्न मागायचे नाहीत. शेवटच्या तीन महिन्यांचं शेड्यूल थोडं वाढवून हा साठा करता येतो, आणि फाउंड्रीलाही तेवढंच काम मिळतं.

तिसरी यादी खात्याची. दोन्हीकडचे उतारे शेजारी ठेवले की बाकी जुळत नाही, हे गृहीतच धरायचं. आपल्या वहीत फाउंड्रीचं देणं 6,42,300. त्यांच्या वहीत आपल्याकडून येणं 6,89,500. फरक 47,200. एक एक बिल टिकमार्क करत गेल्यावर फरकाचे दोन तुकडे हाती लागतात. एक तुकडा 11,800 चा. जुलैतलं भाड्याचं बिल ट्रान्सपोर्टच्या पावतीविना आलं म्हणून आपल्याकडे नोंदलंच गेलं नाही. पावती सापडली, बिल खरं, देणं मान्य. दुसरा तुकडा 35,400 चा, 30,000 किंमत आणि 5,400 जीएसटी. दोन वर्षांपूर्वी आपण खराब निघालेल्या नगांची डेबिट नोट पाठवली होती, त्यांनी ती मान्यही केली नाही आणि नाकारलीही नाही. आपल्याकडे ती वजा झाली, त्यांच्याकडे चढलीच नाही.

अशा जुन्या डेबिट नोटेवर पुष्कळ जण अडून बसतात. पण विक्रीची रक्कम आणि तिच्यावरचा कर कमी करणारी जीएसटीची क्रेडिट नोट विकणाऱ्याने काढायची असते. आपली डेबिट नोट म्हणजे तशी मागणी, एवढंच. त्यांनी ती क्रेडिट नोट ज्या आर्थिक वर्षातला माल असेल ते वर्ष संपल्यावर येणाऱ्या 30 नोव्हेंबरपर्यंत, किंवा त्याआधी वार्षिक रिटर्न भरलं तर तोपर्यंतच विवरणात दाखवावी लागते. दोन वर्षांपूर्वीच्या मालाची ती वेळ टळून गेली. आज त्यांनी चूक कबूल केली तरी भरलेला 5,400 चा कर त्यांना सरकारकडून परत वळवता येणार नाही. म्हणजे पूर्ण 35,400 मागणं म्हणजे त्यातला एक भाग त्यांच्या खिशातून मागणं. फार तर 30,000 ची कराशिवायची तडजोड मागता येईल. मागायची की सोडायची, हे काकांना विचारून.

पत्र एका पानाच्या वर जाऊ देऊ नये. विषयाच्या ओळीतच तारीख घालावी: ‘क्लोजर ऑफ रेग्युलर सप्लाय, लास्ट शेड्यूल नोव्हेंबर’. 17 वर्षांच्या माणसाला ‘डिअर सर’ लिहिणं म्हणजे अपरिचिताला हाक मारल्यासारखं होतं, तिथे नावच हवं. पहिल्या वाक्यात निर्णय: ‘आफ्टर सेव्हन्टीन इयर्स ऑफ बाइंग कास्टिंग्ज फ्रॉम यू, वुई हॅव डिसायडेड टु क्लोज अवर रेग्युलर ऑर्डर्स ऑन 30 नोव्हेंबर.’ इंग्रजीत लिहायला लागलं की आपल्या हातून कर्ता गायब होतो. ‘इट हॅज बीन डिसायडेड’ असं लिहिलं की निर्णय जणू आभाळातून पडला. निर्णय आपला आहे, ‘वुई’ लिहावं. ‘टर्मिनेट’ हा शब्द मात्र टाळलेला बरा. तो कराराचा भंग झाल्यावर वकील वापरतात, आणि इथे भंग कुणीच केलेला नाही. डोक्यावर ‘विदाउट प्रेज्युडिस’ छापायची सवयही इथे नको. ते शब्द वादातल्या तडजोडीच्या पत्रावर शोभतात. निरोपाच्या पत्रावर दिसले की समोरचा थेट वकिलाला फोन लावतो.

कारण एकच द्यावं आणि ते खरं असावं. ‘वुई नीड स्मॉलर लॉट्स ॲट शॉर्ट नोटीस, अँड अवर न्यू सोर्स इज निअरर टु पुणे.’ हे मॉडेलच आम्ही बंद करतोय, अशी सोयीची थाप लोक मारतात. ती टिकत नाही. पॅटर्न करणारे, ट्रान्सपोर्टवाले, बिडाचे व्यापारी सगळीकडे फिरत असतात, आणि तेच केसिंग कोल्हापूरला ओतलं जातंय ही बातमी महिन्याभरात कोइमतूरला पोचते. मालाचा दर्जा घसरल्याची तक्रारही या पत्रात नको. तक्रार केली की उत्तर येतं, उत्तराला प्रत्युत्तर द्यावं लागतं, आणि निरोपाचं पत्र भांडणाची फाइल होऊन बसतं.

पुढचा परिच्छेद नगांचा, आणि फाउंड्रीच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबरची शेड्यूल दिल्याप्रमाणे कायम, हे आकड्यांसह. मग स्पष्ट ओळ: ‘प्लीज डू नॉट बाय मटेरियल ऑर मेक कोअर्स फॉर अस बियाँड दीज क्वांटिटीज.’ वाचायला ही ओळ कठोर वाटते म्हणून लोक ती गाळतात आणि तिच्या जागी ‘फ्यूचर ऑर्डर्स विल बी रिव्ह्यूड’ असं मोघम काही घालतात. त्या मोघमपणाची किंमत फाउंड्रीवाला मोजतो, कारण तो आशेवर माल भरत राहतो. तसंच ‘ॲट धिस टाइम’ हेही नको. आत्ता नाही म्हणजे पुढे आहे, असंच कुणीही समजेल. तयार आणि अर्धवट मालाची यादी 15 सप्टेंबरपर्यंत मागवावी आणि शेड्यूलच्या हिशेबात बसणारा माल आपण उचलू असं लिहून द्यावं. आपल्या मापाचं केसिंग दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचं नसतं. ते पुन्हा भट्टीत वितळवणं एवढाच त्याला मार्ग.

पैशांचा परिच्छेद मात्र मोजूनमापून. ‘एव्हरी ॲक्सेप्टेड इनव्हॉइस विल बी पेड ऑन इट्स ड्यू डेट’ हे वचन बिनधास्त द्यावं, कारण ते तसंही पाळावंच लागतं. फाउंड्री ‘उद्यम’ नोंदणी असलेली सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल तर 2006 च्या एमएसएमई कायद्याने ठरलेल्या मुदतीत, आणि काहीही ठरलं असलं तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. लेखी मुदत ठरलेलीच नसेल तर 15 दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय मुदत टळलेलं असं देणं 31 मार्चला बाकी राहिलं तर त्या वर्षीच्या आयकरात तो खर्च धरता येत नाही. ‘खातं जुळू दे, मग सगळं एकदम देऊ’ ही आपल्याकडची लाडकी पद्धत इथे अंगाशी येते. वाद 35,400 चा असेल तर थांबवायचे तेवढेच. बाकीची बिलं वेळेवर सुटली पाहिजेत.

बाकीचा आकडा पत्रात लिहावा का? लिहावा, पण आपल्या वहीतला, आणि ‘सब्जेक्ट टु रिकन्सिलिएशन’ हे शब्द जोडून. याला कारण आहे. 1963 च्या मुदतीच्या कायद्यात, दाव्याची मुदत संपायच्या आत देणेकऱ्याने सही करून देणं मान्य केलं, की त्या दिवसापासून मुदत पुन्हा नव्याने सुरू होते. विकलेल्या मालाच्या पैशांना ही मुदत 3 वर्षांची. आभाराच्या भरात ‘तुमचं जे काही निघेल ते सगळं आम्ही देणं लागतो’ असं लिहिलं तर वादातली रक्कमही त्या मान्यतेखाली आली असा दावा ओढवून घेतल्यासारखं होईल.

पॅटर्नच्या परिच्छेदात पाचही संचांची नावं, नंबर आणि ते कोणत्या आठवड्यात न्यायचे ते. ही विक्री नव्हे, त्यामुळे माल डिलिव्हरी चलनावर येतो. किंमत 50,000 च्या वर असली की ई-वे बिल लागतं. पाचवा संच मात्र विकत घेतला तर त्याचं बिल होणार. लोड करण्याआधी प्रत्येक संचाचे फोटो मागवावेत, सुट्या तुकड्यांसकट. कोअर बॉक्सचा एक अर्धा भाग मागे राहिला तर नवा करून घ्यावा लागतो आणि दोन आठवडे बुडतात.

आणि मग आभार. ते शेवटी, दोन ओळींत, आणि फक्त त्यांनाच लागू पडतील असे. ‘व्हॅल्यूड पार्टनरशिप’ वगैरे शब्द कुठल्याही पत्रात चिकटतात आणि कुठेच शोभत नाहीत. त्याऐवजी 2020 च्या लॉकडाउननंतर भट्टी सुरू होताच पहिला ट्रक तुम्ही आम्हाला पाठवलात, असं एखादं खरं घडलेलं लिहिलं की समोरचा माणूस पत्र दुसऱ्यांदा वाचतो. खाली दोन्ही भागीदारांच्या सह्या. पत्र ईमेलने, आणि तीच सहीची प्रत स्पीड पोस्टने. पाठवायचा दिवस बघून ठरवावा. आयुधपूजेला कोइमतूरमधल्या कारखान्यात मशीनची पूजा होते आणि दिवाळीला कामगारांचा बोनस द्यायचा असतो. त्या आठवड्यांत असं पत्र जाऊ नये.

आता काकांचं टिपण. ते साधारण असं होईल.

‘ती. काकांस सा. नमस्कार.

कोइमतूरला पाठवायच्या इंग्रजी पत्राचा मसुदा सोबत ठेवलाय. तुमचा होकार आल्याशिवाय तो जाणार नाही. तीन गोष्टींवर तुमचं मत हवं.

30 नोव्हेंबरनंतर ऑर्डर बंद करायची. कारण म्हणून पत्रात फक्त लांबचं अंतर आणि छोटे लॉट एवढंच लिहिलंय. मार्चपासून इंपेलरमध्ये ब्लोहोल वाढलेत हे तुम्हाला ठाऊकच आहे, पण त्या लॉटचा हिशेब मिटलेला आहे, म्हणून तो विषय मी पत्रात आणलेला नाही.

जुन्या रिजेक्शनचे 35,400 त्यांनी कधी मान्य केले नाहीत. माझ्या मते सोडून द्यावेत, त्या बदल्यात पॅटर्न वेळेवर मिळतील. पण हे पैसे दोघांचे आहेत. तुम्ही नको म्हणालात तर 30,000 ची मागणी ठेवू.

मोठ्या केसिंगच्या पॅटर्नचे 21,600 आणि वर जीएसटी देऊन तो घ्यावा असं वाटतं. कोल्हापूरला प्लेट बदलायचा खर्च वेगळा येईल, तरी नव्या पॅटर्नपेक्षा तो कमीच पडेल. पॅटर्नची अवस्था तुम्ही शेवटची पाहिली आहे, तो घेण्यासारखा राहिलाय का ते तुम्हीच सांगा.

पत्र पोचण्याच्या आदल्या दिवशी फोन तुम्ही करावा. त्यांनी दर कमी करायची तयारी दाखवली तर “बघतो, पुतण्याशी बोलतो” असं म्हणू नका, त्यांना आशा लागेल. दोघांनी मिळून ठरवलंय एवढंच सांगा. महिनाभर मुदत वाढवून मागितली तर देऊन टाका, आपल्याला परवडतं.

हो-नाही याच कागदावर लिहून सही करावी, म्हणजे पुढे आपल्यात काही राहायला नको.’

या टिपणात पत्रापेक्षा जास्त माहिती आहे, पण पत्राच्या उलट असं त्यात काही नाही, आणि ते तसंच असायला हवं. पत्रात अंतराचं कारण आणि टिपणात भलतंच, असं झालं तर एक दिवस ते उघडं पडतं. व्हॉट्सॲपवरचा मजकूर कुठून कुठे जाईल याचा नेम नाही. समोरच्याने वाचला तर आपल्याला खाली बघावं लागेल असं एकही वाक्य त्यात नको. फोनची जबाबदारी काकांवर टाकलीय तीही विचार करूनच. ज्याने संबंध जोडला त्याच्या तोंडूनच निरोप गेला पाहिजे. खरेदीवाल्याचा ईमेल आधी पोचला तर मालकाला पुढची 17 वर्षं तेवढंच लक्षात राहील.

पत्र गेल्यावरचे तीन महिने डोळे उघडे ठेवायचे. फाउंड्री सूड घेते असं सहसा होत नाही. पण जाणाऱ्या गिऱ्हाइकाचं काम रांगेत मागे सरकतं, आणि अनुभवी मोल्डर दुसऱ्या कामाला लागतात. पहिली खूण म्हणजे डिस्पॅचची तारीख दोन-तीन दिवस पुढे सरकते. दुसरी खूण रिजेक्शनमध्ये दिसते. आणि इथे कायद्याची एक अट आपल्या साठ्याच्या बेताला आडवी येते. एमएसएमई कायद्यात मालाबद्दल लेखी हरकत माल मिळाल्यापासून 15 दिवसांत घ्यावी लागते, नाहीतर माल मिळाला त्या दिवशीच तो मान्य झाला असं धरलं जातं आणि पैशांची मुदत तिथूनच मोजली जाते. ब्लोहोल मात्र वरून दिसत नाहीत, मशीनवर कातल्यावरच उघडे पडतात. आपण तर सहा आठवड्यांचा साठा यार्डात रचून ठेवणार. म्हणून काकांनी आलेल्या प्रत्येक लॉटमधले, भट्टीच्या प्रत्येक हीटचे पाच-सहा नग आठवड्याच्या आत कातून बघायचे, बाकीचे तसेच राहिले तरी चालेल. दोष निघाला तर त्याच दिवशी हीट नंबर आणि फोटोसह ईमेल. भाषा साधी, ‘सिक्स पीसेस मशीन्ड, टू विथ ब्लोहोल्स, फोटोज अटॅच्ड’, बस्स.

तिसरी खूण, पॅटर्न ‘सापडत नाहीत’. हे बहुधा पैशांशी जोडलेलं असतं. शेवटचं मोठं बिल अडकेल या भीतीने पॅटर्न थांबवून धरले जातात. यावर रागावण्यापेक्षा अदलाबदलीची तारीख ठरवलेली बरी. आपल्या उदाहरणात काकांनी फोनवरच ठरवून टाकलं की 10 डिसेंबरला गाडी जाईल, त्याच दिवशी 21,600 आणि त्यावरचा कर, शिवाय जुन्या बाकीतला मान्य भाग बँकेत जमा होईल, आणि नोव्हेंबरची बिलं आपापल्या मुदतीला सुटतील. 35,400 वर काकांनी टिपणात ‘सोडा’ असं लिहून सही केली होती. त्यामुळे जुनी बाकी फाउंड्रीच्या 6,89,500 वरच जुळली आणि पुतण्याला त्यांच्याकडून बाकी मान्य असल्याचं पत्र दोन दिवसांत मिळालं.

हे बाकीचं पत्र शेवटचं पेमेंट झाल्यावर आणखी एकदा घ्यायचं, या वेळी शून्य रकमेचं. ‘नो ड्यूज ऑन आयदर साइड ॲज ऑन 15 जानेवारी’ एवढी एक ओळ, दोन्हीकडच्या सह्या. काकांचं सहीचं टिपण फर्मच्या फाइलीत राहील. शून्याचं पत्र सीएकडे. आणि जुन्या पंपाचं एखादं सुटं केसिंग कुण्या शेतकऱ्याने पाच वर्षांनी मागितलं, तर ते आता कोल्हापूरला ओतलं जाईल, पॅटर्न तिकडे पोचलेत.